एस्प्रेसोनंतरची चकती: ती चिखल का होते, तिला तडा का जातो आणि आधी काय तपासावं

कॉफी भरायचा मुठीचा पोर्टाफिल्टर चोथा टाकायच्या नॉकबॉक्सच्या दांड्यावर आपटला की दोनपैकी एक आवाज येतो. 'टप्' असा कोरडा आवाज आला, तर चोथ्याची चकती अख्खी सुटून खाली पडलेली असते आणि पोर्टाफिल्टरमधली भोकांची वाटी, म्हणजे बास्केट, जवळजवळ स्वच्छ निघते. 'पच्' असा आवाज आला, तर अर्धा चोथा बास्केटला चिकटून राहतो आणि तपकिरी पाणी मनगटापर्यंत ओघळतं. घरी नव्यानं एस्प्रेसो करायला लागलेला माणूस पहिल्या आठवड्यातच हा आवाज ऐकायला शिकतो. 'पच्' ऐकलं की त्याचा हात पहिल्यांदा ग्राइंडरकडे जातो, आणि कितीतरी वेळा अगदी बरोबर बसलेलं दळण तिथेच बिघडतं.

एस्प्रेसो मंडळी या चकतीला 'पक' म्हणतात. ती वाचता येते, पण कुठल्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे आहे हे आधी समजून घ्यायला हवं. ती मुख्यतः दोन गोष्टी सांगते. एक, दाबलेली कॉफी आणि तिच्यावर पाणी सोडणारी मशीनची जाळी यांच्यात किती मोकळी जागा होती. दुसरी, पंप थांबल्यावर वर उरलेलं पाणी मशीननं काढून घेतलं का. कपात उतरलेली कॉफी चांगली झाली का, हे ती फार कमी वेळा सांगते. ते सांगायला जीभ, वजनकाटा आणि घड्याळ आहेत. म्हणून चकती कशीही दिसो, आधी कॉफी प्या. चव तुम्हाला हवी तशी असेल, तर ओल्या चकतीसाठी दळणाला हात लावू नका.

चव बिघडली असेल, किंवा रोजची घट्ट चकती अचानक चिखल व्हायला लागली असेल, तर खालच्या क्रमानं जा. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण पहिल्याच टप्प्यात बऱ्याच लोकांचा प्रश्न सुटतो.

पहिला टप्पा: तुमचं मशीन पाणी परत ओढतं का, ते पाहा

शॉट, म्हणजे एक एस्प्रेसो, निघत असताना कॉफीवर साधारण ९ बार दाब असतो. पंप बंद केला की हा दाब कुठेतरी जायला हवा. बऱ्याच मशीनमध्ये त्यासाठी तीन तोंडांचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह असतो. पंप चालू असताना तो पाणी कॉफीकडे जाऊ देतो. पंप थांबला की तो रस्ता बंद होतो आणि कॉफीच्या वरची जागा एका बारीक नळीतून ड्रिप ट्रेकडे उघडते. दाब एकदम सुटतो, 'फिस्स' असा आवाज येतो आणि त्या झटक्यात वरचं काही पाणी उलट्या वाटेनं ट्रेमध्ये जातं. ग्रुप म्हणजे पोर्टाफिल्टर जिथे बसतो तो मशीनचा भाग. १९६१ साली आलेल्या फाएमाच्या ई-६१ या प्रसिद्ध ग्रुपमध्ये हेच काम वीज न वापरता होतं. तिथे दांडी खाली केली की आतला यांत्रिक व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी ग्रुपच्या खालच्या तोंडातून बाहेर पडतं.

स्वस्त घरगुती मशीनमध्ये बहुतेकदा हा व्हॉल्व्ह नसतो. हातानं दांडी ओढायच्या लिव्हर मशीनमध्येही तो नसतो. अशा मशीनमध्ये उरलेलं पाणी कॉफीतूनच झिरपत खाली जातं, दुसरी वाट नाही. तिथे चकती ओली राहणं हा दोष नाही, तो त्या मशीनचा स्वभाव आहे. अशा मशीनवर पंप थांबताच पोर्टाफिल्टर फिरवला तर अडकलेला दाब कडेनं उसळतो आणि गरम चोथा ओट्यावर, भिंतीवर आणि हातावर उडतो. तिथे मिनीटभर तरी थांबावंच लागतं.

तपासणं सोपं आहे. ड्रिप ट्रे काढून पुसा, परत बसवा आणि नेहमीसारखा एक शॉट काढा. पंप थांबल्यावर 'फिस्स' ऐकू आलं आणि कपाच्या मागे, ट्रेच्या आतल्या बाजूला पाणी पडलं, तर व्हॉल्व्ह आहे आणि काम करतो आहे. यातलं काहीच झालं नाही, तर एकतर तो नाही किंवा तो तुंबला आहे. मशीनसोबतची पुस्तिका उघडून पाहा. तीन तोंडांच्या व्हॉल्व्हचा उल्लेख तिथे नाही तर सुट्या भागांच्या आकृतीत सापडतो.

याच टप्प्यावर बास्केटही उलटी करून बघा. खालच्या बाजूला सगळीकडे बारीक भोकं दिसली तर ती साधी बास्केट. आत भरपूर भोकं पण बाहेरून मध्यभागी एकच टाचणीएवढं भोक, असं असेल तर ती दुहेरी तळाची, दाबाची बास्केट. त्यात दाब कॉफीमुळे नाही, त्या एका भोकामुळे तयार होतो. म्हणून दळण जाडसर असलं तरी वर फेस येतो, आणि पाणी सावकाश निघत असल्यानं चकती जवळजवळ नेहमीच ओली राहते. अशा चकतीवरून डोस, म्हणजे भरलेल्या कॉफीचं वजन, किंवा दळणाबद्दल काही ठरवता येत नाही.

आमच्या शेजारच्या वहिनींनी मागच्या दिवाळीत मशीन घेतलं. चौथ्या दिवशी त्या पोर्टाफिल्टर हातात घेऊनच दारात आल्या. "भावजी, बघा हो, आतलं बाहेरच येत नाही. मशीन बिघडलेलं दिलं की काय?" बास्केटमध्ये चोथ्याची लापशी झाली होती, चमच्यानं काढावी अशी. बास्केट दुहेरी तळाची, मशीनला व्हॉल्व्ह नाही, आणि पावडर फिल्टर कॉफीची, चिकोरी मिसळलेली. चिकोरीचा बराच भाग पाण्यात विरघळतो आणि उरलेला पाणी धरून ठेवतो, त्यामुळे त्या मिश्रणाची घट्ट चकती बनणं अवघडच असतं. मशीन अगदी ठीक होतं. पावडर बदलून बिनचिकोरीची आणली, शॉटनंतर दीड मिनिट थांबायला सांगितलं, आणि लापशीऐवजी ओली पण सुटणारी चकती मिळायला लागली. त्याहून कोरडी ती त्या मशीनवर होणार नाही, हे त्यांना सांगितल्यावर त्यांची काळजीही गेली.

दुसरा टप्पा: दर वेळी एकाच वेळेनं बघा

चकतीची तुलना करायची तर दोन शॉटनंतरचं थांबणं सारखं हवं. हे साधं वाटतं, पण फसगत इथेच होते. सकाळी घाईत पंप थांबताच पोर्टाफिल्टर काढला की वर पाण्याचं तळं दिसतं. रविवारी तोच डोस, तेच दळण, पण आधी कॉफी पिऊन मग पाच मिनिटांनी काढला की चकती घट्ट आणि वर एखादा तडा. कॉफी एकच, शॉट एकच, फरक फक्त थांबण्याचा. एकदा मुद्दाम असे दोन शॉट लागोपाठ काढून बघा, म्हणजे चकतीवर किती विसंबायचं याचा अंदाज येईल.

व्हॉल्व्ह असलेल्या मशीनवर मी पंप थांबल्यापासून ३० सेकंद मोजतो आणि मगच पोर्टाफिल्टर काढतो. तुम्ही २० ठेवा किंवा ४५, पण एकच आकडा ठेवा.

आणखी एक ध्यानात ठेवा. 'कोरडी' चकती खरी कोरडी कधीच नसते. कॉफी साधारण आपल्या वजनाइतकं पाणी धरून ठेवते. १८ ग्रॅम कॉफीची चांगली चकती काट्यावर ठेवली तर ती कोरड्या वजनाच्या दुपटीच्या आसपास भरते. आपण बघायचं ते मोकळं पाणी: वर साचलेलं, कडेनं हलणारं, बोट लावलं की बोटावर येणारं.

तिसरा टप्पा: वरची मोकळी जागा मोजा

व्हॉल्व्ह आहे, 'फिस्स' येतं, ३० सेकंद थांबलात, तरीही चकतीवर पाणी साचतं. मग बहुतेक वेळा कारण डोस असतो. टॅम्प केलेल्या, म्हणजे टॅम्पर या दट्ट्यानं दाबलेल्या, कॉफीच्या आणि वरच्या जाळीच्या मध्ये थोडी जागा राहायला हवी, कारण ओली झाल्यावर कॉफी फुगते. पण ही जागा फार झाली तर ती पाण्यानं भरते. दाब सुटण्याच्या झटक्यात त्यातलं थोडंच पाणी परत जातं आणि बाकीचं कॉफीवर बसून राहतं. त्याचाच चिखल होतो.

ही जागा नाण्यानं मोजता येते. हल्लीचं पिवळसर, पातळ पाच रुपयांचं नाणं सुमारे दोन मिलिमीटर जाडीचं आहे, ते बरोबर कामाला येतं. जुनं जाडजूड नाणं नको. नाणं साबणानं धुवा आणि स्वयंपाकघरातल्या पारदर्शक फिल्ममध्ये गुंडाळा. बास्केटमध्ये नेहमीचा डोस घ्या, सपाट करून टॅम्प करा, मध्यभागी नाणं ठेवा आणि पोर्टाफिल्टर मशीनला नेहमीइतका घट्ट लावा. पंप चालू करू नका. पोर्टाफिल्टर तसाच काढा आणि पाहा. नाणं नुसतं वर पडलेलं आणि खाली काहीच खूण नाही, तर जागा नाण्याच्या जाडीपेक्षा जास्त आहे. नाण्याची पुसट गोल रेघ उमटली, तर जागा सुमारे दोन मिलिमीटर, म्हणजे बहुतेक बास्केटसाठी ठीक. नाणं कॉफीत रुतलं, तर डोस जास्त होतोय. या चाचणीसाठी जुन्या, शिळ्या बिया वापरा. चांगली कॉफी यात घालवण्याचं कारण नाही, फक्त रोस्ट नेहमीच्या कॉफीच्या जवळपास असावा.

माझ्या घरचं उदाहरण सांगतो. मशीन ५८ मिलिमीटर व्यासाच्या बास्केटचं, सोलेनॉइड व्हॉल्व्ह असलेलं, बास्केट १८ ग्रॅमची. सुरुवातीला बिया पुरवायच्या म्हणून मी १५ ग्रॅमच घेत होतो. चिकमगळूरच्या मध्यम रोस्टची कॉफी, १५ ग्रॅममधून ३० ग्रॅम द्रव, २६ सेकंदांत. चव वाईट नव्हती, पण चकती रोज चिखल. वर पाणी, खाली मऊ गाळ, आणि आपटल्यावर निम्मी बास्केटमध्येच. दोन आठवडे मी दळण बारीक-जाड करत बसलो. बारीक केलं तर शॉट रेंगाळायचा आणि कडवट व्हायचा, जाड केलं तर सुसाट आणि आंबट. चकती दोन्हीकडे ओलीच.

नाणं ठेवून पाहिलं तर खूण शून्य. १६ ग्रॅमलाही नाही. १७ ग्रॅमला पुसट रेघ आली, १८ ला नाणं एका बाजूनं रुतलं. म्हणून १७ ग्रॅम ठरवले. डोस वाढवला की पाण्याची वाट लांबते, त्यामुळे जुन्याच दळणावर ३४ ग्रॅम यायला ३५ सेकंद लागले आणि कॉफी तुरट झाली. ग्राइंडर दोन खाचा जाड केला, तेव्हा ३४ ग्रॅम २८ सेकंदांत आले. चकती त्या दिवसापासून अख्खी सुटायला लागली. चवीचं म्हणाल तर १५ ग्रॅमची चांगली जमलेली कॉफी आणि ही, यांत मला फारसा फरक लागला नाही. कप थोडा मोठा झाला, एवढंच. चकती सुधारली म्हणजे कॉफी सुधारलीच असं होत नाही. फायदा सफाईचा झाला, आणि ज्या दळणाचा दोष नव्हता ते छेडणं थांबलं.

बास्केटवर लिहिलेला आकडा हा अंदाज समजा, कारण ग्रॅम म्हणजे वजन आणि जाळीपर्यंतचं अंतर ठरतं आकारमानानं. गडद रोस्टमध्ये बी फुगलेली आणि हलकी असते. त्यामुळे १७ ग्रॅम गडद कॉफी १७ ग्रॅम हलक्या रोस्टपेक्षा बास्केटमध्ये उंच बसते. नवी थैली उघडली, रोस्ट बदलला की नाण्याची चाचणी पुन्हा करायची. माझ्याकडे गडद रोस्ट आला तेव्हा १७ ग्रॅमला नाणं चांगलंच रुतलं आणि मी १६ वर उतरलो. चकतीवर धातूची गोल जाळी ठेवायची सवय असेल, तर तिची जाडीही याच जागेतून जाते हे लक्षात ठेवा.

चौथा टप्पा: आता दळणाकडे वळा, पण घड्याळासोबत

डोस बसला की दळणाचं निदान सोपं होतं, कारण ओलेपणाचं मुख्य कारण बाजूला झालेलं असतं. इथे चकतीला एकटं वाचू नका. शॉटची वेळ सोबत घ्या.

चकती ओली आणि मऊ, बोटानं दाबली की लोण्यासारखी बसते, आणि शॉट रेंगाळतो, ४०-४५ सेकंद थेंब थेंब येतो. दळण फार बारीक आहे. बारीक चुऱ्यातून पाणी खाली झिरपायला वेळ लागतो, म्हणून पंप थांबल्यावरही ते आत अडकून राहतं. एक खाच जाड करा, बाकी काही बदलू नका.

चकती भुसभुशीत, उलटी करताच तुकडे पडतात, आणि शॉट १५ सेकंदांत संपतो, रंग लवकर फिका होतो, चव आंबट आणि पाणचट. दळण जाडसर आहे. कण मोठे असले की एकमेकांना धरत नाहीत. एक-दोन खाचा बारीक करा. टॅम्परवर जास्त जोर देऊन हे भरून निघत नाही. कॉफी एकदा पूर्ण दाबली गेली की पुढचा जोर मनगटालाच लागतो.

चकती ओली, पण वेळ आणि चव दोन्ही ठीक? मग दळण तसंच ठेवा.

पाचवा टप्पा: तडे वाचा

तड्यांबद्दल सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न एकच: तडा शॉट चालू असताना पडला की नंतर? नंतरचा असेल तर सोडून द्या. चालू असतानाचा असेल तर त्यातून पाणी पळालं, म्हणजे काही कॉफी जास्त निघाली आणि काही तशीच राहिली. अशी कॉफी एकाच घोटात आंबटही लागते आणि कडवटही, आणि ही चव एकदा ओळखली की विसरत नाही.

नंतरचा तडा कसा ओळखायचा? दाब सुटताना चकती वरच्या बाजूला किंचित उचलली जाते. त्या हिसक्यानं तिच्या अंगावर केसासारखी बारीक रेघ पडू शकते. गरम पोर्टाफिल्टरमध्ये ती जास्त वेळ राहिली तर सुकून आकसते, कडेपासून सुटते आणि पुन्हा रेघा पडतात. उन्हात तळ्याचा गाळ जसा भेगाळतो तसं. अशा भेगेच्या कडा तीक्ष्ण असतात आणि भेग उघडून पाहिली तर आतली कॉफी बाहेरच्या इतकीच काळी असते.

शॉट चालू असताना पाण्यानं केलेली वाट वेगळी दिसते. तिच्या कडा धुतल्यासारख्या गोल होतात. भोकाभोवती किंवा भेगेच्या काठानं कॉफी फिकट, गव्हाळ पडलेली असते, कारण तिथून जास्त पाणी गेलं. चकती अख्खी काढा, हळूच उलटी करा आणि खालची बाजूही पाहा. वरचं भोक खाली फिकट डागापर्यंत पोचलं असेल, तर शंका नको. बिनतळाचा पोर्टाफिल्टर असेल तर हे आधीच दिसतं. मध्यभागी एक धार जमण्याऐवजी एखाद्या जागेतून पिचकारी उडते.

यातली एक भेग डोसची आहे आणि तिच्याकडे लोकांचं लक्ष जात नाही. कॉफी जास्त भरली की कोरडी चकती पोर्टाफिल्टर लावतानाच जाळीला घासते. पोर्टाफिल्टर फिरतो, जाळी फिरत नाही, आणि दाबलेली कॉफी पाणी येण्याआधीच वरून फुटते किंवा कडेनं सुटते. शॉटनंतर अशा चकतीवर जाळीचा आणि मधल्या स्क्रूचा खोल ठसा दिसतो आणि तडा बहुधा त्याच ठशापासून निघालेला असतो. माझ्या गडद रोस्टच्या वेळी नेमकं हेच झालं होतं. पण नुसता पुसट ठसा पाहून घाबरू नका, कारण ओली कॉफी फुगून जाळीला टेकतेच. खात्री करायची तर कोरडी तपासणी करा: डोस घ्या, टॅम्प करा, नाण्याशिवाय पोर्टाफिल्टर लावा, लगेच काढा. कोरड्या कॉफीवर ठसा किंवा चीर दिसली, तर डोस अर्धा-एक ग्रॅम कमी करायचा. त्यानं शॉट वेगात आला तर दळण किंचित बारीक करायचं.

कोरड्या तपासणीत कॉफी अख्खी निघाली, पण शॉटनंतर धुतलेली भोकं दिसतात, तर प्रश्न डोसचा नाही, कॉफी बास्केटमध्ये कशी पसरली याचा आहे. ग्राइंडरमधून पडताना तिचे गोळे होतात, एका बाजूला ढीग होतो. वर टॅम्प केलं तरी आत पोकळ जागा राहते. पाव ते अर्धा मिलिमीटर जाडीच्या तीन-चार सुया बुचात खोचून घ्या आणि कॉफी तळापासून वरपर्यंत हलक्या हातानं गोल गोल मोकळी करा. मग सपाट टॅम्प करा. त्यानंतर पोर्टाफिल्टरच्या कडेला टॅम्परनं ठोकायचं नाही. कडेला चिकटलेली कॉफी पाडायला बरेचजण असं ठोकतात, आणि त्याच ठोक्यानं चकती बास्केटच्या भिंतीपासून सुटते. मग पाणी त्या फटीतून खाली जातं आणि चकतीच्या कडेला फिकट पट्टा उमटतो.

सहावा टप्पा: कालपर्यंत ठीक, आज अचानक चिखल

हे मशीनचं लक्षण आहे. कॉफी, डोस, दळण काहीच बदललेलं नाही, शॉटची वेळही तीच, पण चकती ओली आणि 'फिस्स' बारीक किंवा गायब. पोर्टाफिल्टर काढताना जोर लागतो, कधी चोथा उडतो. ट्रेच्या मागच्या बाजूला पाणी पडत नाही. व्हॉल्व्ह किंवा त्याची नळी तुंबली आहे. अशा वेळी पोर्टाफिल्टर हिसका देऊन काढू नका. कपात थेंब पडायचे थांबेपर्यंत, लागली तर पाच मिनिटं, थांबा.

तुंबण्याची नेहमीची कारणं दोन. पहिलं कॉफीचं तेल आणि बारीक गाळ. प्रत्येक शॉटनंतर थोडं कॉफीचं पाणी याच वाटेनं उलटं जातं आणि आत थर चढवतं. दुसरं पाण्यातला क्षार. जिथे बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येतं तिथे हा त्रास लवकर सुरू होतो.

तेलासाठी बॅकफ्लश करायचा. बास्केटच्या जागी बिनभोकांची आंधळी बास्केट किंवा रबरी चकती बसवा. त्यात एस्प्रेसो मशीनसाठी मिळणारी सफाई पावडर अर्धा चमचा टाका. पोर्टाफिल्टर लावून पंप १० सेकंद चालवा, मग १० सेकंद बंद. बंद केल्यावर दाब व्हॉल्व्हमधून सुटतो आणि तपकिरी फेस ट्रेमध्ये येतो. असं पाचदा करा. मग पोर्टाफिल्टर धुऊन पावडरशिवाय, साध्या पाण्यावर पाच-सहा वेळा तेच करा, येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. नंतरचा पहिला शॉट ओतून द्यायचा. हे फक्त व्हॉल्व्ह असलेल्या मशीनवर. ज्याला व्हॉल्व्ह नाही त्यात दाब सुटायला वाटच नसते. तिथे बॅकफ्लश करू नका, जाळी काढून घासा.

क्षारावर ही पावडर चालत नाही. त्याला डिस्केलिंग लागतं, आणि त्यात एक खाचखळगा आहे जो मला अनुभवानं कळला. मी एका रविवारी मशीन डिस्केल केलं, आणि सोमवारी सकाळी चकतीवर पाण्याचं तळं. १७ ग्रॅम, तेच दळण, ३४ ग्रॅम, २८ सेकंद, चव रोजची. फक्त 'फिस्स' नाही आणि ट्रे कोरडा. डिस्केलिंगनं बॉयलरमधले क्षाराचे पापुद्रे सुटतात, आणि त्यातला एखादा वाहत येऊन व्हॉल्व्हच्या बारीक तोंडात बसतो. मी आंधळी बास्केट लावून साध्या पाण्याचे बॅकफ्लश करत राहिलो. सात-आठ वेळा काहीच नाही. नवव्या-दहाव्या वेळी 'फिस्स' आलं आणि ट्रेच्या मागच्या कोपऱ्यात गढूळ पाण्यासोबत तांदळाच्या कणीपेक्षाही लहान पांढरा खडा पडला. पुढच्या शॉटला ३० सेकंद मोजले, आपटलं, 'टप्'.

इतकं करूनही 'फिस्स' परतलं नाही, तर व्हॉल्व्ह खोलून साफ करावा लागतो. मशीनचा प्लग काढून, ते पूर्ण थंड झाल्यावर, स्क्रू काढले की आत छोटी दांडी आणि स्प्रिंग दिसते. दांडीच्या टोकाची रबरी सील झिजली किंवा चिरली असेल तर साफ करून उपयोग नाही, ती बदलावीच लागते. विजेच्या वस्तू उघडायची सवय नसेल तर हे काम दुरुस्तीवाल्याला द्या, आणि त्याला चकती ओली येते एवढंच न सांगता पंप थांबल्यावर ट्रेमध्ये पाणी पडत नाही, हे सांगा. पहिल्या तक्रारीवर तो तुम्हाला दळण बदलायला सांगेल, दुसऱ्या तक्रारीवर तो सरळ व्हॉल्व्ह उघडेल.